निफ्टी ८ टक्के पडला की विकून मोकळं व्हावं का?

वाचकाचं पत्र

माझं वय ४६, गावात औषधांचं दुकान आहे. मार्च २०२० मध्ये बाजार दोनदा बंद पडला तेव्हा मी पुरता अडकलो होतो. विकायचं होतं, पण ऑर्डर जाईना. एका छोट्या कंपनीचा शेअर तर पुढचे काही दिवस विकताच आला नाही. मेहुणे म्हणतात, सर्किट ही मोठ्या लोकांची सोय आहे, ते आधी निघतात आणि मग आपल्यासारख्यांच्या तोंडावर दार बंद होतं. म्हणून आता ठरवलंय, निफ्टी ८ टक्के पडला की १० टक्क्यांचं सर्किट लागायच्या आत सगळं विकायचं. सध्या माझ्याकडे ५ लाखांचे शेअर आहेत, त्यातले साडेतीन लाख ब्रोकरच्या मार्जिन फंडिंगचे. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीचे पैसे इक्विटी म्युच्युअल फंडात आहेत, ते दीड वर्षाने लागतील. माझा बेत बरोबर आहे ना?

उत्तर

नमस्कार,

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींना ‘सर्किट’ हे एकच नाव दिलंय. बहुतेक सगळेच तसं म्हणतात. पण तुमचा बेत याच घोटाळ्यावर उभा आहे, म्हणून आधी तो सोडवू.

त्या महिन्यात जे दोनदा झालं तो संपूर्ण बाजाराचा थांबा होता. आदल्या दिवशीच्या बंद भावापासून सेन्सेक्स किंवा निफ्टी, दोघांपैकी कुणीही आधी १० टक्के हलला, की देशभरातले शेअरचे आणि शेअरवरच्या फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार एकदम थांबतात. सेबीने हा नियम जुलै २००१ पासून लागू केला. पुढच्या पायऱ्या १५ आणि २० टक्क्यांवर आहेत. दुपारी एकच्या आत १० टक्क्यांची पायरी लागली तर थांबा ४५ मिनिटांचा असतो. एक ते अडीचच्या दरम्यान लागली तर १५ मिनिटांचा. अडीचनंतर १० टक्क्यांवर बाजार थांबतच नाही, कारण तेव्हा थांबवला तर दिवसाचे सौदे मिटवायला लोकांच्या हातात वेळच उरणार नाही. २० टक्क्यांवर मात्र घड्याळात कितीही वाजले असोत, त्या दिवसापुरता बाजार संपला.

छोट्या कंपनीच्या शेअरचं जे झालं ते निराळं. तो त्या एका शेअरचा लोअर सर्किट. अशा शेअरला दिवसाच्या चढ-उताराची मर्यादा ठरवून दिलेली असते: २, ५, १० किंवा २० टक्के. भाव खालच्या मर्यादेला टेकला तरी व्यवहार बंद होत नाहीत. विकणाऱ्यांची रांग लागलेली असते, घेणारा कुणी नसतो. ५ टक्क्यांची मर्यादा असलेला १०० रुपयांचा शेअर रोज असा टेकत गेला तर ९५, मग ९०.२५, मग ८५.७४ असं करत पाचव्या दिवशी ७७ रुपयांच्या आसपास येतो आणि तोवर कदाचित तुमचा एकही शेअर विकला गेलेला नसतो. खरं अडकणं ते हे. आणि त्याच्यावर तुमच्या ८ टक्क्यांच्या बेताचा काहीच उपाय चालत नाही. निफ्टी ८ टक्के पडेपर्यंत असा शेअर बहुधा सकाळीच खालच्या मर्यादेला चिकटलेला असेल.

म्हणजे ज्या थांब्याची तुम्हाला भीती आहे तो तासाभरात उठतो, आणि ज्याने तुम्हाला खरोखर अडकवलं तो बाजार सुरू असतानाही कायम राहतो.

आता बाजार थांबवतात तरी कशासाठी, हे एका शेअरच्या खरेदीच्या रांगेत शिरून पाहू. आकडे समजण्यापुरते मीच धरलेत. शेअरचा भाव २०० आहे. घेणाऱ्यांच्या ऑर्डर अशा लागल्यात: २०० ला १,००० शेअर, १९६ ला १,०००, १९० ला २,००० आणि १८० ला ६,०००. एरवी या मधल्या जागाही ऑर्डरींनी भरलेल्या असतात. पण घबराटीच्या सकाळी घेणारे आपल्या ऑर्डर काढून घेतात आणि रांग अशी विरळ होते. तेवढ्यात कुणाची तरी १०,००० शेअर ‘मार्केट भावाने’ विकायची ऑर्डर येते. ती सगळे टप्पे खात खाली उतरते. विकणाऱ्याला सरासरी १८५.६० मिळतात आणि पडद्यावर शेवटचा भाव दिसतो १८०. कंपनीबद्दल एकही नवी बातमी नाही, तरी १० टक्के गेले. आता ज्यांनी १८५ किंवा १८२ वर स्टॉप-लॉस लावून ठेवलाय त्यांच्या ऑर्डर आपोआप पेटतात आणि आणखी विक्री येते. मग ब्रोकरकडचं मार्जिन, म्हणजे तारण म्हणून ठेवलेली रक्कम, कमी पडलेल्यांचे शेअर ब्रोकर काढायला लागतो. ते शेअर महाग आहेत की स्वस्त, हा विचार या विक्रीत कुणीच केलेला नसतो.

थांब्यात ही साखळी तुटते. घेणाऱ्यांना आकडेमोड करून परत यायला वेळ मिळतो. ज्यांना मार्जिन भरायचंय त्यांना पैसे वळते करता येतात, आणि ब्रोकर व सौदे मिटवून देणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनला कोण किती पाण्यात आहे हे समजतं. अमेरिकेत १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या ब्रॅडी समितीने थांब्याची शिफारस केली तेव्हा हिशेब आणि देणी मिटवायला उसंत मिळावी, हे महत्त्वाचं कारण दिलं होतं. भाव पडू नयेत असा या व्यवस्थेचा उद्देश कधीच नव्हता. भाव पडायचे असतील तर पडावेत, पण ते माणसांनी विचार करून लावलेले असावेत, एवढंच ती मागते.

थांबा उठल्यावर बाजार लगेच धावायला सोडत नाहीत, हेही तुमच्या मेहुण्यांना सांगा. आधी १५ मिनिटांचं प्री-ओपन सत्र होतं. त्यात सगळ्यांच्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डर गोळा होतात आणि ज्या भावाला जास्तीत जास्त शेअरचा सौदा जुळतो तो एकच भाव ठरतो. ज्यांचे सौदे त्यात जुळतात त्यांना तोच भाव मिळतो, मग ऑर्डर परदेशी फंडाची असो की तुमची. मोठ्यांकडे आपल्यापेक्षा माहिती जास्त असते आणि वेग जास्त असतो, हे मेहुण्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यांचा वेगाचा फायदा सगळ्यात कमी होतो तो याच पंधरा मिनिटांत. शिवाय हा नियम वर जातानाही लागतो. १८ मे २००९ ला, लोकसभा निकालानंतरच्या सोमवारी, सेन्सेक्स इतका वर गेला की बाजार दिवसभरासाठी बंद झाला. दोन टप्प्यांत मिळून जेमतेम मिनिटभर व्यवहार झाले असतील. त्या दिवशी बाहेर राहिलेल्यांत मोठेही होतेच.

आता तुमचा ८ टक्क्यांचा बेत खऱ्या दिवसांवर घासून पाहू. तीन दिवस घेते.

१३ मार्च २०२०, शुक्रवार. आदल्या रात्री अमेरिकेचा बाजार जवळजवळ १० टक्के पडलेला. आपला निफ्टी आदल्या दिवशी ९,५९०.१५ वर बंद झाला होता. सव्वानऊला बाजार उघडला आणि पाच-सहा मिनिटांतच १० टक्क्यांची पायरी लागली. ४५ मिनिटं थांबा, मग प्री-ओपन, आणि साधारण दहा वीसला व्यवहार पुन्हा सुरू. त्या दिवसाचा तळ होता ८,५५५.१५ आणि बंद भाव ९,९५५.२०. म्हणजे निफ्टी आदल्या दिवशीपेक्षाही जवळपास ४ टक्के वर बंद झाला! तुमची ८ टक्क्यांची रेघ ८,८२३ च्या आसपास येते. तिथे विकलं असतं तर संध्याकाळी तोच निफ्टी विकल्या भावापेक्षा सुमारे १३ टक्के वर दिसला असता.

२३ मार्च २०२०, सोमवार. निफ्टीचा आधीचा बंद भाव ८,७४५.४५. इथे तुमच्या बेताची दुसरी अडचण दिसते: निफ्टी उघडतानाच तुमच्या रेघेच्या खाली होता. ८ टक्क्यांवर विकायची संधी सुरुवातीला नव्हतीच. मिळणार होता तो त्या क्षणी असेल तो भाव. दहाच्या सुमाराला थांबा लागला, तासाभराने व्यवहार सुरू झाले आणि पडझड पुढे चालूच राहिली. निफ्टी ७,६१०.२५ वर बंद झाला, जवळजवळ १३ टक्के खाली. त्या दिवशीपुरतं तुमचं विकणं शहाणपणाचं ठरलं असतं. पण निफ्टीचा त्या पडझडीतला तळ दुसऱ्याच दिवशी आला आणि डिसेंबरअखेर तो १३,९८१.७५ वर होता. विकणाऱ्याला परत कधी घ्यायचं हेही बरोबर ओळखावं लागलं असतं, आणि तुमच्या बेतात त्याबद्दल एक अक्षरही नाही.

४ जून २०२४, लोकसभा निकालाचा दिवस. दिवसभरात निफ्टी साडेआठ टक्क्यांपर्यंत खाली गेला, २१,२८१.४५ ला टेकला. बाजार थांबला नाही, कारण १० टक्के झालेच नाहीत. ज्या दाराला घाबरून तुम्ही विकलं असतं ते त्या दिवशी बंद झालंच नाही. तुमची विक्री झाली असती २१,४०० च्या आसपास. त्याच दिवशी निफ्टी २१,८८४.५० वर बंद झाला आणि ७ जूनला, म्हणजे तीन दिवसांनी, २३,२९०.१५ वर.

तीन दिवसांवरून कायमचा नियम काढता येत नाही, मी काढतही नाही. पण थांबा लागला म्हणजे पुढे काय होणार, हे त्यातून कळत नाही, एवढं मार्च २०२० च्या दोन दिवसांनी दाखवून दिलं. एकदा बाजार सावरला, एकदा आणखी कोसळला.

तुमचा बेत एकट्या तुमचा असता तर वेगळी गोष्ट. पण असाच विचार हजारो लोक करतात, आणि तेव्हा थांब्याची रेघच बाजाराला स्वतःकडे ओढायला लागते. चीनने १ जानेवारी २०१६ पासून थांब्याचा नियम आणला: सीएसआय ३०० निर्देशांक ५ टक्के पडला की १५ मिनिटं थांबा, ७ टक्क्यांवर दिवसभर बंद. दोन पायऱ्यांत अंतर फक्त २ टक्क्यांचं. ४ जानेवारीला, नियमाच्या पहिल्याच कामकाजाच्या दिवशी, दोन्ही पायऱ्या लागल्या. ७ जानेवारीला उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत दिवसाचा बाजार संपला. पंधरा मिनिटांच्या थांब्यात जो तो एकच विचार करत बसला, की ७ टक्के लागायच्या आत निघायचं. बाजार उघडल्याबरोबर सगळे एकदम दाराकडे धावले आणि दोन-तीन मिनिटांत ७ टक्के गाठले. ८ जानेवारीपासून चीनने तो नियम स्थगित केला. आपल्याकडे पहिली पायरी १० टक्क्यांवर आहे आणि पुढची ५ टक्के लांब, त्यामुळे ही ओढ कमी आहे. तरी ८ टक्क्यांवर विकायला निघालेला माणूस त्याच गर्दीतला एक असतो. त्याला भाव मिळतो तो वर सांगितलेल्या विरळ रांगेतला.

मला तुमची काळजी वाटते ती थांब्यामुळे नाही, त्या साडेतीन लाखांमुळे. ५ लाखांच्या शेअरमध्ये तुमचे स्वतःचे दीड लाख. २३ मार्चसारखा १३ टक्क्यांचा दिवस आला तर शेअरची किंमत ४ लाख ३५ हजार होते. ब्रोकरचे साडेतीन लाख तसेच राहतात, तुमचे उरतात ८५ हजार. बाजार १३ टक्के पडला आणि तुमचं भांडवल एका दिवसात ४३ टक्के गेलं. वर मार्जिनची मागणी येणार, आणि ती वेळेत भरली नाही तर ब्रोकर तुमचे शेअर विकणार. त्यासाठी तो तुमच्या ८ टक्क्यांची वाट बघत बसणार नाही. कधी विकायचं हा निर्णय तेव्हा तुमच्या हातातच नसतो. म्हणून हे कर्ज पडझडीत सोडवण्याऐवजी आता, बाजार शांत असताना उतरवा. शेअर विकूनच फेडायचं असेल तर ज्यांच्यावर कर्ज आहे त्यातले, आणि ज्यांच्याबद्दल तुमची स्वतःची खात्री कमी आहे ते आधी काढा. व्याजही वाचेल. घरच्यांना या कर्जाची कल्पना नसेल तर तीही द्या.

फीच्या पैशांचं गणित आणखी सरळ आहे. इक्विटी फंडात ‘८ टक्क्यांवर विकणं’ नावाची गोष्टच नसते. दुपारी तीनच्या आत रिडेम्प्शनची विनंती दिली की त्या दिवसाच्या बंद भावांवरून निघणारी एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, मिळते. मग विनंती सकाळी दहाला दिलेली असो की पावणेतीनला. १३ मार्चला घाबरून दिली असती तरी संध्याकाळच्या सावरलेल्या भावाने पैसे मिळाले असते, २३ ला १३ टक्के पडलेल्या भावाने. दिवसाच्या मध्यावर लागलेल्या थांब्याने तुमचं काही वाढत नाही की कमी होत नाही. पण दीड वर्षात नक्की लागणारे पैसे इक्विटीत असणं, हेच मुळात चुकतंय. पहिल्या वर्षाची फी लिक्विड फंडात किंवा मुदत ठेवीत आत्ताच हलवा, उरलेले पुढच्या काही महिन्यांत हप्त्याहप्त्याने. युनिट घेऊन वर्ष झालंय ना, एवढं पाहून घ्या, नाहीतर एक्झिट लोड कापला जाऊ शकतो. नफ्यावरच्या कराचा हिशेब तुमच्या सीएकडून करून घ्या.

राहिले तुमच्या स्वतःच्या पैशांचे शेअर. ते पडझडीत विकायचे की नाही, हे प्रत्येक कंपनीपुरतं ठरवा आणि आजच वहीत लिहून ठेवा. निफ्टीच्या टक्क्यांवरून सगळे एकदम काढू नका. विकायची वेळ आलीच तर मार्केट ऑर्डर देऊ नका, लिमिट लावा, म्हणजे याच्या खाली विकू नका अशी किंमत द्या. वरच्या उदाहरणातल्या माणसाने १९० ची लिमिट लावली असती तर त्याचे ४,००० शेअर गेले असते, बाकीचे हातात राहिले असते, आणि भाव १८० पर्यंत त्याच्यामुळे गेला नसता. स्टॉप-लॉसलाही ट्रिगर आणि लिमिट अशा दोन किमती देता येतात. त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: भाव एका उडीत लिमिटच्या खाली गेला तर ऑर्डर नुसतीच पडून राहते. २३ मार्चसारख्या सकाळी नेमकं हेच होतं, म्हणून स्टॉप-लॉस लावलाय या भरवशावर कर्ज काढू नका.

थांबा लागलाच तर त्या वेळात तीन कामं करा. मार्जिन किती कमी पडतंय ते पाहा. बँकेतून ब्रोकरकडे पैसे वळते करायचे असतील तर करा. आणि प्री-ओपन सुरू झाल्यावर ऑर्डर बुक उघडून तुमच्या आधीच्या ऑर्डर अजून आहेत की नाहीत हे डोळ्यांनी तपासा, ‘असतीलच’ असं धरून चालू नका. त्या वेळात टीव्ही बंद असला तरी चालेल.

आणि या रविवारी एक काम करा. तुमच्याकडच्या प्रत्येक शेअरचं पान एनएसई किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर उघडा आणि त्याचा प्राइस बँड लिहून काढा. ज्यांच्यावर फ्युचर्स-ऑप्शन्स चालतात त्या मोठ्या शेअरना अशी पक्की मर्यादा नसते. त्यांचा १० टक्क्यांचा पट्टा गरजेप्रमाणे पुढे सरकवतात, त्यामुळे वाईट दिवशीही ते कुठल्या ना कुठल्या भावाला सहसा विकता येतात. २ आणि ५ टक्केवाले वेगळे काढा. त्यांच्या रोजच्या उलाढालीचा आकडा पाहा आणि तुमच्याकडचे सगळे शेअर एका दिवसात खपतील का, ते स्वतःला विचारा. खपणार नसतील तर ते कमी करायची वेळ आत्ताची आहे, घेणारे रांगेत उभे असताना.